फायनल राउंडनंतर नकार आला, आता रिक्रूटरला काय विचारू?

*"मी बॅकएंड डेव्हलपर आहे, पुण्यात, सात वर्षांचा अनुभव. एका कंपनीत पाच राउंड झाले, शेवटचा डायरेक्टरबरोबर. माझ्या मते तो चांगला गेला होता. अठरा दिवसांनी मेल आला की आम्ही दुसऱ्या उमेदवाराची निवड केली आहे. मी 'कृपया फीडबॅक द्या' असं लिहिलं, तर 'पॉलिसीनुसार वैयक्तिक फीडबॅक देता येत नाही' एवढंच उत्तर आलं. परत विचारू का? कसं विचारू? की सोडून देऊ?"*

परत विचारा. पण एकदाच, शक्यतो फोनवर, आणि 'फीडबॅक' हा शब्द न वापरता.

मी चौदा वर्षं भरतीच्या कामात आहे. पहिली पाच वर्षं कन्सल्टन्सीत होते, त्यानंतर कंपन्यांच्या आत. तुम्हाला आलं तसं उत्तर मी स्वतः शेकडो जणांना पाठवलं आहे, त्यामुळे पलीकडच्या टेबलावर काय चालतं ते आधी सांगते. ते कळलं की काय विचारायचं हे आपोआप सुचेल.

तुमची शेवटची मुलाखत चालू होती तेव्हा रिक्रूटर तिथे नव्हती. तिला तुमच्याबद्दल जे माहीत आहे ते दोन ठिकाणांहून आलेलं असतं. एक, मुलाखत घेणाऱ्या प्रत्येकाने सिस्टीममध्ये भरलेला फॉर्म. दोन, सगळे राउंड झाल्यावर होणारी पंधरा-वीस मिनिटांची बैठक, जिला आम्ही डिब्रीफ म्हणतो. फॉर्ममध्ये बहुतेक ठिकाणी घ्या, नको, नक्की घ्या, अजिबात नको असे चार पर्याय असतात, आणि खाली 'जमेच्या बाजू' आणि 'शंका' असे दोन रकाने. डायरेक्टर हा फॉर्म निवांत बसून भरत नाहीत. दुसऱ्या मीटिंगला जाता जाता फोनवर टाइप करतात. मी वाचलेले खरे शेरे साधारण असे असतात: 'डिझाइन ठीक. फेल्युअरच्या प्रश्नावर घसरला. सीनियरसाठी नको.' बस, तीन वाक्यं. तुमच्या एका तासाचा ऐवज एवढाच.

मग रिक्रूटर सिस्टीममध्ये तुमचं नाव बंद करते. तिथे कारणांची एक तयार यादी येते आणि तिच्यातलं एक निवडावंच लागतं. 'दुसरा उमेदवार अधिक योग्य' हे सगळ्यात निरुपद्रवी, म्हणून बहुतेक वेळा तेच निवडलं जातं, आणि त्याला जोडलेला मेल आपोआप जातो. तुम्हाला आलेलं वाक्य कोणी विचार करून लिहिलेलं नाही. त्यातल्या शब्दांचा कीस पाडत बसू नका.

आता 'कृपया फीडबॅक द्या' ही विनंती तिच्या बाजूने बघा. तिला पाच फॉर्म उघडायचे, त्यातली तुसडी वाक्यं सभ्य करायची, यातलं बाहेर काय सांगितलेलं चालेल हे मॅनेजरला विचारायचं आणि मग ते लेखी द्यायचं. माझ्याकडे एका वेळी पंधरा-सोळा जागा असायच्या. पॉलिसीचं वाक्य चिकटवायला दहा सेकंद लागतात. कोणीही तेच करेल.

पॉलिसीमागे भीतीही असते, आणि ती उगाच नसते. आठ-नऊ वर्षांपूर्वी मी एका उमेदवाराला मनापासून, सविस्तर मेल लिहिला होता: अमुक राउंडमध्ये डेटाबेसच्या प्रश्नावर पॅनेलचं समाधान झालं नाही, वगैरे. त्याने तो मेल जसाच्या तसा आमच्या व्हाइस प्रेसिडेंटना पाठवला. सोबत दोन पानं, की त्याचंच उत्तर कसं बरोबर होतं आणि प्रश्न विचारणाऱ्यालाच विषय कसा कळत नव्हता. (तांत्रिकदृष्ट्या त्याचं म्हणणं बरंचसं खरं होतं, ही त्यातली गंमत.) मला बोलणी बसली, आणि त्या आठवड्यापासून आमच्याकडे लेखी फीडबॅक बंद झाला. जवळपास प्रत्येक जुन्या रिक्रूटरकडे असा एखादा किस्सा सापडेल. म्हणून मी फोन म्हणते. तोंडी बोललेलं पुढे पाठवता येत नाही, त्यामुळे माणूस जरा मोकळं बोलतो. कॉल रेकॉर्ड मात्र करू नका. आपला आवाज रेकॉर्ड होतोय असा नुसता वास आला तरी समोरची व्यक्ती पॉलिसीवर परत जाते.

तुमच्या प्रश्नातला सगळ्यात बोलका भाग म्हणजे ते अठरा दिवस. ज्याला सरळ 'नको' असतं त्याचा निर्णय डिब्रीफमध्येच होतो आणि मेल दोन-चार दिवसांत जातो. उशीर होतो तो बहुधा दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला. पहिल्याला ऑफर दिली जाते, तो पगारावर घासाघीस करतो, सध्याची कंपनी काउंटर ऑफर देते का ते बघतो, आणि तो सही करेपर्यंत दुसऱ्याला आम्ही 'प्रोसेस चालू आहे' असं सांगत राहतो. हे काही चांगलं वागणं नाही, पण चालतं असंच. उशिराला दुसरी कारणंही असतात: जागा होल्डवर गेली, बजेट अडकलं, आतलाच कोणी बदली मागून त्या जागेवर आला. म्हणजे तुम्हाला नकार तीन प्रकारे आलेला असू शकतो. तुम्ही कमी पडलात, किंवा तुम्ही चाललात पण कोणीतरी पुढे होता, किंवा जागाच बदलली. तिन्हींना मेल एकच. त्यामुळे फोनवर पहिला प्रश्न याच गोष्टीचा हवा, कारण पुढचे सगळे प्रश्न त्याच्या उत्तरावर ठरतात.

फोन करण्याआधी एक काम राहिलं असेल तर ते आज करा. डायरेक्टरने काय काय विचारलं, तुम्ही काय सांगितलंत, कुठे त्याने तोच प्रश्न फिरवून पुन्हा विचारला, हे आठवेल तेवढं लिहून काढा. खरं तर हे मुलाखतीच्या संध्याकाळीच करायचं असतं. तोच प्रश्न दुसऱ्यांदा आला म्हणजे पहिलं उत्तर पुरलं नाही. अशा एक-दोन जागा सापडल्या की तुमचा स्वतःचा अंदाज तयार होतो, आणि अंदाज नसताना विचारायला गेलात तर हाती काही लागत नाही. कारण रिक्रूटरला कारण सांगायला सांगितलं तर ती अडखळते, पण तुमचा अंदाज पुढे ठेवून 'हे बरोबर का?' असं विचारलं तर 'हो' किंवा 'तसं नाही' एवढं म्हणायला तिला परवानगी लागत नाही.

आधी मेसेज करा. एकदम फोन लावला तर ती मीटिंगमध्ये असते आणि तुमचं नाव चटकन तिच्या लक्षात येत नाही. प्रत्यक्षात तुम्ही तो इंग्रजीत लिहाल, तो आपल्या शब्दांत लिहा. आशय असा ठेवा:

"नमस्कार, सीनियर बॅकएंडच्या जागेचा निर्णय कळला, तो मान्य आहे. पॉलिसीमुळे लेखी काही देता येत नाही हेही समजलं. माझी तयारी सुधारण्यासाठी दोन छोटे प्रश्न विचारायचे आहेत, पाच मिनिटं पुरतील. या आठवड्यात दुपारी चारनंतर कधी फोन केला तर चालेल?"

'निर्णय मान्य आहे' हे शब्द वगळू नका. समोरून येणारा फोन भांडायला आहे की शिकायला, हे रिक्रूटर या एका वाक्यावरून ठरवते. 'फेरविचार', 'पुन्हा संधी', 'अन्याय' असलं काही मेसेजमध्ये दिसलं की उत्तर येत नाही. सोमवार सकाळ टाळा, तेव्हा आठवड्याच्या आढाव्याची धावपळ असते. आणि नकाराच्या मेलनंतर आठवडाभराच्या आत विचारा. महिन्याने विचारलंत तर तिला फॉर्म उघडून बघावं लागेल, आणि ती बघणार नाही.

फोनवर काय विचारायचं ते एका उदाहरणाने सांगते. दोन-तीन वर्षांपूर्वीची उमेदवार, तीही बॅकएंडचीच, विमा क्षेत्रातल्या सॉफ्टवेअरवर काम केलेली. तिलाही फायनलनंतर नकार गेला होता. तिने पॉलिसीचं उत्तर आल्यावर असाच मेसेज केला आणि आम्ही सात-आठ मिनिटं बोललो. पहिल्यांदा तिने विचारलं, "मी सीनियरच्या पातळीला कमी पडले, की पातळी ठीक होती पण दुसरं कोणी जास्त जुळलं?" मी म्हटलं, "पातळीचा प्रश्न होता." एवढं सांगायला मला काहीच अडचण नव्हती, आणि तिच्या दृष्टीने अर्धं उत्तर तिथेच मिळालं. मग ती म्हणाली, "माझा अंदाज दोन ठिकाणी आहे. एक, कॅशिंगवर मी अडखळले. दुसरं, मोठ्या सिस्टीममधून क्लेम्सचा भाग वेगळा काढण्याचा निर्णय कसा झाला हे त्यांनी दोनदा विचारलं. यातलं कुठलं जास्त जड गेलं?" मी म्हटलं, "दुसरं."

फॉर्ममध्ये प्रत्यक्ष काय होतं? 'चांगली इंजिनिअर. कॅशिंग किरकोळ. मोठे निर्णय स्वतः घेतल्याचं दिसलं नाही, सगळं "आम्ही ठरवलं". एक पायरी खाली घेईन.' एक पायरी खालची जागा आमच्याकडे उघडी नव्हती, म्हणून नकार. हे वाक्य मी तिला वाचून दाखवू शकत नव्हते. पण प्रश्न तिने इतका नेमका विचारला होता की मला फक्त बोट दाखवायचं होतं. मग तिने तिसरा प्रश्न टाकला: "त्या प्रश्नात निर्णयामागचं तांत्रिक कारण कमी पडलं, की त्यात माझा वाटा किती होता हे?" मी म्हटलं, "तुमचा वाटा कळला नाही."

ती एकदम गप्प झाली. मग हसली आणि म्हणाली, "अहो, तो निर्णय माझाच होता. सगळ्या टीमचा विरोध होता." मला वाईट वाटलं, पण तेव्हा त्याचा उपयोग नव्हता. आपल्याकडे 'मी केलं' म्हणणं आगाऊपणा वाटतो. घरात, शाळेत 'आम्ही'च बोलायला शिकवलेलं. मुलाखतीत त्या 'आम्ही'चा अर्थ डायरेक्टर 'हिने केलं नाही' असा लावतो. इथे तिने एक गोष्ट फार चांगली केली. "मग मी आत्ता सांगू का तो निर्णय कसा झाला?" असं ती म्हणाली नाही. तो मोह अनावर असतो, पण तिथे माझी भूमिका बदलली असती. मदत करणारी मी एकदम निर्णयाची वकील झाले असते, आणि संभाषण संपलं असतं.

शेवटी तिने विचारलं की परत अर्ज कधी करता येईल. बऱ्याच कंपन्यांत नकारानंतर सहा महिने किंवा वर्षभर त्याच प्रकारच्या जागेसाठी अर्ज घेत नाहीत. हा आकडा रिक्रूटर बेधडक सांगते, विचारायला हरकत नाही.

पुढे काय झालं तेही सांगते, कारण फीडबॅक लागू पडला की नाही हे असं कळतं. तिने आपले तीन मोठे निर्णय कागदावर मांडले: पर्याय काय होते, विरोध कोणाचा होता, मी काय केलं, काय चुकलं. पुढच्या कंपनीतही तिला नकारच आला. पण तो डिझाइनच्या राउंडला आला, आणि तिथल्या रिक्रूटरने सांगितलं की निर्णयांबद्दल पॅनेल खूश होतं, कमी पडलं ते स्केलिंगमध्ये. नकाराचं कारण बदललं म्हणजे आधीचं कारण गेलं. तेच कारण दुसऱ्या कंपनीतून पुन्हा आलं असतं, तर मात्र उपाय चुकला असं समजायचं.

आता मिळालेल्या उत्तराचा अर्थ लावताना एका शब्दापाशी थांबते, कारण मराठी मुलांचा तिथे फार गैरसमज होतो. 'कम्युनिकेशन.' रिक्रूटर म्हणते, "टेक्निकली स्ट्राँग, कम्युनिकेशनवर काम करा." सांगली-लातूरकडून आलेला, मराठी माध्यमातला मुलगा हे ऐकून थेट स्पोकन इंग्लिशचा क्लास लावतो. मी वाचलेल्या फॉर्ममध्ये हा शब्द इंग्रजीबद्दल फार कमी वेळा असायचा. बहुतेकदा तक्रार अशी असायची की उत्तराचा मुद्दा पाचव्या मिनिटाला आला. 'पेमेंट अडकलं तर काय कराल?' असं विचारल्यावर उमेदवार आधी कंपनीचा इतिहास सांगतो, मग सिस्टीमची सगळी रचना, आणि ऐकणारा तोवर घड्याळ बघायला लागलेला असतो. इंग्रजी अस्खलित असणारेही यात सापडतात. तेव्हा हा शब्द कानावर पडला की तिथल्या तिथे विचारा, "भाषेचा प्रश्न होता की उत्तराच्या मांडणीचा?" दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत आणि चुकीच्या उपायात सहा महिने जातात.

'कल्चर फिट' मात्र खणत बसू नका. त्याखाली काहीही असू शकतं: पॅनेलमधल्या कोणाशी सूर जुळला नाही, पगाराची अपेक्षा जास्त होती, नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड परवडला नाही. पगार किंवा नोटीसची शंका असेल तर ती सरळ नाव घेऊन विचारा. "माझ्या नोटीस पिरियडचा यात भाग होता का?" याचं उत्तर मिळतं. 'कल्चर फिट म्हणजे काय?' याचं मिळत नाही.

तुमचा अर्ज कन्सल्टन्सीमार्फत गेला असेल तर वरचं सगळं बदलतं. तसं असेल तर कंपनीच्या एचआरला थेट गाठू नका, कन्सल्टंटलाच विचारा. त्याची फी उमेदवाराच्या वार्षिक सीटीसीवर ठरते. ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार, हा आपल्याकडचा जुना प्रचलित दर आहे. तुम्ही इथे लागला नाहीत तरी दुसरीकडे लागलात तर त्याला पैसे मिळतात, त्यामुळे तुम्ही कुठे अडकलात हे कळून घेण्यात त्याचाही फायदा असतो, आणि कंपनीने त्याला सांगितलेलं कारण जरा कमी गुळगुळीत असतं. मी कन्सल्टन्सीत असताना मॅनेजर फोनवर मला जे ऐकवायचे, ते कंपनीची स्वतःची रिक्रूटर झाल्यावर मी कधी कोणा उमेदवाराला ऐकवू शकले नाही. फक्त एवढं लक्षात असू द्या की कन्सल्टंटला तुम्हाला नाराज करायचं नसतं, म्हणून तो 'सगळं मस्त होतं, बजेटमुळे राहिलं' असं म्हणेल. त्यालाही तोच दोन पर्यायांचा प्रश्न विचारा.

लिंक्डइनवर डायरेक्टरला गाठून फीडबॅक मागावा का, असं बरेच जण विचारतात. माझं मत: नको. तो मेसेज स्क्रीनशॉट होऊन रिक्रूटरकडेच येतो, आणि तिची मदत करायची इच्छा तिथे संपते. राउंडच्या शेवटी त्यांनी स्वतःहून 'कधीही लिहा' म्हटलं असेल तर गोष्ट वेगळी.

आणि फोनवर सुद्धा पॉलिसीच ऐकू आली तर? तर एकच प्रश्न विचारून थांबा: "पुढे तुमच्याकडे योग्य जागा आली तर तुम्ही माझं नाव पुन्हा पुढे कराल का, आणि कुठल्या पातळीला?" याचं उत्तर देण्यात पॉलिसी आड येत नाही. 'हो, याच पातळीला' आलं तर तुम्ही शर्यतीत होतात. 'थोडा अनुभव वाढू द्या' आलं तर पातळीचा प्रश्न होता. नुसतं 'वेबसाइटवर बघत राहा' आलं तर त्या कंपनीचा विषय मनातून काढा.

तुमच्या बाबतीत, त्या अठरा दिवसांमुळे, मी अजून एक गोष्ट करेन. निवडलेल्या माणसाचा नोटीस पिरियड बहुधा साठ किंवा नव्वद दिवसांचा असणार. आपल्याकडे सही करूनही शेवटच्या आठवड्यात दुसरीकडे जाणारे कमी नाहीत, आणि तसं झालं की मॅनेजर रिक्रूटरच्या डोक्यावर बसतो. तेव्हा नव्याने पाच राउंड घ्यायला कोणाकडे वेळ नसतो आणि आम्ही जुनी यादी काढतो. त्या यादीत वर कोण असतो? ज्याच्याशी शेवटचं बोलणं नीट झालं होतं तो. फोन झाल्यावर दोन ओळींचा आभाराचा मेसेज टाका, आणि मुलाखतीपासून साधारण अडीच-तीन महिन्यांनी एक साधी ओळ पाठवा: 'अजून पाहतोय, नोटीस पिरियड एवढा आहे.' कॅलेंडरमध्ये तारीख आत्ताच टाकून ठेवा, नाहीतर तोवर विसराल.